सी-१४ कोणाची?

नाटकाचं तिकीट मोबाइलवर काढताना प्रेक्षागृहाचा प्लॅन समोर येतो. रिकाम्या खुर्च्या हिरव्या, गेलेल्या राखाडी. आपण सी रांगेतल्या चौदा आणि पंधरा नंबरवर बोट ठेवतो, 'बुक करा' दाबतो आणि थांबतो. त्या एक-दोन सेकंदांत मोबाइलमधलं अ‍ॅप स्वतः काहीच ठरवत नसतं. हिरवी दिसणारी खुर्ची खरोखर रिकामी आहे का, हेही त्याला माहीत नसतं, कारण समोरचा प्लॅन काही क्षणांपूर्वीचा असतो. खरी नोंद एकाच ठिकाणी असते, नाट्यगृहाच्या सर्व्हरवर. अ‍ॅप त्या सर्व्हरला ठरलेल्या पत्त्यावर, ठरलेल्या पद्धतीने विचारणा करतं. कुठे विचारायचं, कसं विचारायचं आणि काय काय उत्तरं येऊ शकतात, याचा लेखी करार म्हणजे एपीआय. त्यातला एकेक पत्ता म्हणजे एंडपॉइंट.

बुकिंगच्या एपीआयकडे मुळात तीनच कामं असतात: बुकिंग करणं, ते रद्द करणं आणि झालेल्या बुकिंगांची यादी देणं. सगळं सुरळीत चाललं तर हे तीन एंडपॉइंट लिहायला फार वेळ लागत नाही. खरं काम सुरू होतं ते खुर्ची आधीच गेलेली असते तेव्हा, मध्येच नेटवर्क तुटतं तेव्हा, रद्द करायची मुदत टळून गेलेली असते तेव्हा. अशा प्रत्येक वेळी सर्व्हरला नकार द्यावा लागतो, आणि तो नकार वाचून अ‍ॅपला पुढचं पाऊल कळलं पाहिजे. दुसरी खुर्ची निवडायला सांगायचं, थोडं थांबून पुन्हा विचारायचं, की लॉगिन करायला लावायचं? हे ज्या उत्तरातून कळत नाही ते उत्तर मी अपुरं मानतो. खाली शनिवारच्या रात्री साडेआठच्या एका प्रयोगाचं बुकिंग याच कसोटीवर पाहू.

बुकिंगची विनंती साधारण अशी जाते:

```
POST /bookings
Content-Type: application/json

{
  "show_id": "sat-2030",
  "seats": ["C-14", "C-15"]
}
```

`POST` म्हणजे नवी नोंद करा. कोणता प्रयोग आणि कोणत्या खुर्च्या, एवढंच त्यात आहे. दोन गोष्टी मुद्दाम वगळल्या आहेत. तिकिटाचा दर अ‍ॅपने पाठवायचा नाही, कारण अ‍ॅपकडून निघालेला मजकूर वाटेत बदलणं कोणाही जाणकाराला सहज जमतं. पाचशेचं तिकीट पाच रुपयांना मागितलेलं दिसेल. दर सर्व्हरने स्वतःच्या नोंदीवरून लावायचा. दुसरी गोष्ट म्हणजे बुकिंग कोणाच्या नावावर करायचं ते. तेही विनंतीच्या मजकुरातून घ्यायचं नाही, तर लॉगिन केल्यावर मिळालेल्या टोकनवरून ओळखायचं. नाहीतर दुसऱ्याचा ग्राहक क्रमांक टाकून त्याच्या नावाने व्यवहार करता येतील.

खुर्च्या मिळाल्या तर उत्तर येतं:

```
HTTP/1.1 201 Created
Location: /bookings/b_9Kx2mQ

{
  "id": "b_9Kx2mQ",
  "status": "held",
  "seats": ["C-14", "C-15"],
  "amount": 1000,
  "currency": "INR",
  "hold_expires_at": "2025-03-05T19:12:00+05:30"
}
```

`201` म्हणजे नवी नोंद झाली, आणि `Location` म्हणजे ती नोंद पुढे कुठे पाहायची. `held` हा शब्द महत्त्वाचा आहे. खुर्च्या धरून ठेवल्या आहेत, पैसे भरल्यावर त्या पक्क्या होतील. इथे दहा मिनिटांची मुदत दिली आहे. पैसे भरणं बँकेच्या पानावर किंवा यूपीआयच्या अ‍ॅपमध्ये होतं, त्याला वेळ लागतो, आणि तेवढ्या वेळात खुर्ची दुसऱ्या कोणाला जाऊन चालत नाही. मुदत लिहिताना शेवटी `+05:30` आहे, म्हणजे भारतीय प्रमाणवेळ. नुसतं 'सात बारा' लिहिलं असतं तर न्यू जर्सीतून पुण्यातल्या आईवडिलांसाठी तिकिटं काढणाऱ्या मुलीच्या फोनने ती तिथली वेळ समजली असती.

आता एका खुर्चीसाठी दोन माणसं आणू. ठाण्यातला एक प्रेक्षक आणि डोंबिवलीतली एक प्रेक्षक, दोघांच्याही प्लॅनवर सी-१४ हिरवी दिसते आहे आणि दोघंही जवळजवळ एकाच क्षणी बटण दाबतात. नवखा प्रोग्रामर सर्व्हरवरचा कोड असा लिहितो: आधी डेटाबेसला विचारा, सी-१४ रिकामी आहे का, असेल तर नोंद करा. वाचताना यात काहीच चुकीचं वाटत नाही. पण ठाण्याच्या विनंतीने विचारलं, उत्तर आलं 'रिकामी'. तिची नोंद व्हायच्या आत, काही मिलिसेकंदांनी, डोंबिवलीच्या विनंतीने विचारलं, तिलाही उत्तर आलं 'रिकामी'. मग दोघींच्या नोंदी झाल्या, दोघांनाही `201` गेलं, दोघांनीही पैसे भरले. हा दोष प्रोग्रामरच्या लॅपटॉपवर कधीच दिसत नाही, कारण तिथे बटण दाबणारा तो एकटाच असतो. तो दिसतो शनिवारी रात्री, तिसरी घंटा झाल्यावर, एकाच खुर्चीपाशी दोन तिकिटं निघतात तेव्हा.

तिकीट खिडकीवर कागदी प्लॅन असायचा तेव्हा हा प्रश्न आपोआप सुटत होता. प्लॅन एक, पेन्सिल एक, आणि खुर्चीवर फुली मारणारा माणूसही एक. संगणकातही फुली मारण्याची जागा अशी एकच करावी लागते, आणि ती जागा डेटाबेसमध्येच असली पाहिजे. कोडमध्ये कितीही काळजी घेतली तरी सर्व्हरच्या चार प्रती एकाच वेळी चालू असतात आणि त्यांना एकमेकींचं काही माहीत नसतं. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये हा नियम तीन ओळींत बसतो:

```
CREATE UNIQUE INDEX one_live_seat
ON booking_seats (show_id, seat_no)
WHERE status IN ('held', 'confirmed');
```

एका प्रयोगाची एक खुर्ची, धरलेली किंवा पक्की, एकदाच नोंदवता येईल, एवढंच हे सांगतं. आता डोंबिवलीची नोंद ठाण्याच्या नोंदीपाशी येऊन थांबते. ठाण्याची पूर्ण झाली की हिला डेटाबेस `23505` हा एरर देतो. विनंतीतल्या सगळ्या खुर्च्या एकाच व्यवहारात नोंदवायच्या, म्हणजे एक जरी अडली तरी बाकीच्याही सुटतात. चौघांच्या कुटुंबाला तीनच खुर्च्या देऊन एपीआयने स्वतःच्या मनाने तडजोड करू नये. ती करायची की नाही हे त्या कुटुंबाने ठरवायचं.

इथे एक बारकावा सहज सुटतो. एकाने सी-१४, सी-१५ या क्रमाने मागितल्या आणि दुसऱ्याने सी-१५, सी-१४ या क्रमाने, तर पहिला चौदा धरून पंधरासाठी थांबतो आणि दुसरा पंधरा धरून चौदासाठी. दोघंही अडकतात. डेटाबेस ही कोंडी ओळखतो आणि एकाचा व्यवहार मोडतो, पण तो एरर वेगळाच असतो आणि समोरच्याला त्यातून काही बोध होत नाही. उपाय अगदी सोपा आहे. नोंद करण्याआधी सर्व्हरने खुर्च्यांचे क्रमांक लावून घ्यायचे, की सगळे एकाच क्रमाने येतात.

डेटाबेसने अडवलं, आता डोंबिवलीला काय सांगायचं? पुष्कळ ठिकाणी `23505` पकडलाच जात नाही, आणि अ‍ॅपला `500` जातो. `500` म्हणजे सर्व्हरमध्ये काहीतरी बिघडलं. अ‍ॅप शहाणं असेल तर ते विचार करतं, बिघाड तात्पुरता असेल, पुन्हा प्रयत्न करू. ते पुन्हा विचारतं, पुन्हा `500`. खुर्ची तर गेलेलीच आहे, ती परत येणार नाही, पण अ‍ॅप विचारत राहतं आणि प्रेक्षक फिरणारं चक्र पाहत बसते. सर्व्हरचा संघही नसलेला बिघाड शोधत बसतो. इथे योग्य उत्तर `409` आहे: विनंती बरोबर लिहिलेली आहे, सर्व्हरही ठीक आहे, पण सध्याची स्थिती तिच्या आड येते.

```
HTTP/1.1 409 Conflict
Content-Type: application/problem+json

{
  "type": "https://api.example.com/problems/seat-taken",
  "title": "खुर्ची उपलब्ध नाही",
  "status": 409,
  "detail": "सी-१४ आता उपलब्ध नाही. दुसरी खुर्ची निवडा.",
  "unavailable_seats": ["C-14"]
}
```

नकाराचा हा साचा माझा नाही. इंटरनेटचे तांत्रिक नियम ठरवणाऱ्या आयईटीएफने तो आधी २०१६ मध्ये आणि नंतर सुधारून जुलै २०२३ मध्ये, आरएफसी ९४५७ या क्रमांकाने प्रसिद्ध केला. `type` हे यंत्रासाठी आहे. ते वर्षानुवर्षं बदलायचं नाही, कारण अ‍ॅपचा कोड त्यावर अवलंबून असतो. `detail` माणसासाठी आहे. त्यातली भाषा सुधारली, मराठीची इंग्रजी केली, तरी काही मोडायला नको. हे दोन्ही वेगळे ठेवले नाहीत तर अ‍ॅप लिहिणारी माणसं वाक्यातले शब्द शोधून निर्णय घेऊ लागतात, आणि कोणीतरी 'उपलब्ध नाही'चं 'शिल्लक नाही' केलं की त्या दिवशी बुकिंग बंद पडतं. शेवटची ओळ, `unavailable_seats`, आपण स्वतः जोडली आहे आणि साचा त्याची मुभा देतो. याच ओळीमुळे अ‍ॅप फक्त सी-१४ राखाडी करतं, सी-१५ निवडलेलीच ठेवतं आणि प्रेक्षकाला शेजारची सी-१६ दाखवू शकतं.

एक पद्धत अजूनही पुष्कळ ठिकाणी सापडते: काहीही झालं तरी `200` पाठवायचं, म्हणजे 'सगळं ठीक', आणि आत मजकुरात `"success": false` लिहायचं. मला ती मान्य नाही. वाटेतल्या यंत्रणा, सर्व्हरच्या प्रकृतीवर नजर ठेवणारे फलक, अ‍ॅपमधल्या तयार लायब्ररी, हे सगळे आधी तो आकडा वाचतात. नकाराला होकाराचा आकडा दिला की रात्रभर एकही तिकीट विकलं गेलं नाही तरी फलक हिरवाच राहतो.

आता दुसरा प्रसंग. या वेळी भांडण नाही, माणूस एकच आहे. डेक्कन क्वीन बोरघाट चढते आहे, प्रवासी सी-१४ आणि सी-१५ साठी बटण दाबतो आणि गाडी बोगद्यात शिरते. विनंती बोगद्याच्या आधी निघून सर्व्हरपर्यंत पोचली. सर्व्हरने नोंद केली, `201` पाठवलं. ते उत्तर मात्र फोनपर्यंत पोचलंच नाही. अ‍ॅपच्या बाजूने पाहिलं तर विनंतीच पोचली नाही की पोचून उत्तर हरवलं, हे ओळखायचा कुठलाही मार्ग नाही. गाडी बोगद्याबाहेर येते, अ‍ॅप तीच विनंती पुन्हा पाठवतं, आणि आपला नवा नियम काम करतो: `409`, खुर्ची उपलब्ध नाही. प्रवाशाच्या खुर्च्या त्याच्याच नावावर धरलेल्या आहेत, आणि आपण त्याला सांगतो आहोत की त्या दुसऱ्या कोणीतरी नेल्या. तो बिचारा एच रांगेत दोन खुर्च्या घेतो, आणि सी-१४, सी-१५ दहा मिनिटं कोणाच्याच उपयोगी पडत नाहीत. खुर्च्यांना नंबर नसलेला कार्यक्रम असता तर याहून वाईट झालं असतं: अडवणारा नियमच नाही, म्हणून दोनदा बुकिंग आणि दोनदा पैसे.

यावरचा उपाय म्हणजे प्रत्येक विनंतीसोबत अ‍ॅपने स्वतः तयार केलेली एक खूण पाठवायची:

```
Idempotency-Key: 7f3a9c52-1b7e-4d0a-9e55-c2a8f0d41b36
```

ही खूण पैशांच्या व्यवहारांत आधी रुळली. स्ट्राइप या पेमेंट कंपनीच्या एपीआयमुळे ती अनेकांना माहीत झाली. ती वापरण्यात एक शिस्त लागते. प्रेक्षकाने बटण दाबलं त्या क्षणी अ‍ॅपने एक नवी खूण बनवायची, फोनमध्ये जपून ठेवायची आणि त्या बटणासाठी जितक्या वेळा विनंती जाईल तितक्या वेळा तीच पाठवायची. प्रत्येक प्रयत्नाला नवी खूण बनवली तर सगळा खटाटोप वाया जातो, आणि ही चूक मी अनेक कोडमध्ये पाहिली आहे. सर्व्हरच्या बाजूला, ती खूण पहिल्यांदा आली की बुकिंगबरोबर, त्याच व्यवहारात, ती खूण आणि दिलेलं उत्तर नोंदवून ठेवायचं. तीच खूण पुन्हा आली तर नवं काहीही न करता जपलेलं उत्तर पाठवायचं. बोगद्याबाहेर आलेल्या प्रवाशाला आता पुन्हा तेच `201` मिळतं, तोच `b_9Kx2mQ`, त्याच खुर्च्या. खूण नेहमी ग्राहकासोबत जोडून साठवायची, म्हणजे एकाची खूण चुकून दुसऱ्याच्या खुणेशी जुळली तरी एकाचं उत्तर दुसऱ्याला जात नाही. या नोंदी साधारण एक दिवस ठेवल्या तरी पुरतात.

दोन अडचणीच्या जागा राहतात आणि दोन्हींना वेगळं उत्तर लागतं. पहिली विनंती अजून चालू असतानाच तीच खूण पुन्हा आली, तर `409` पण वेगळ्या `type`चा: तुमचं काम चालू आहे, दोन सेकंदांनी विचारा. अ‍ॅप थांबतं आणि पुन्हा विचारतं, प्रेक्षकाला काही कळवायची गरजही पडत नाही. तीच खूण आली पण खुर्च्या वेगळ्या, तर ती अ‍ॅपच्या कोडमधली चूक आहे. तिथे `422` द्यायचं आणि काहीही नोंदवायचं नाही. पहिल्या प्रसंगात पुन्हा विचारणं बरोबर, दुसऱ्यात निरर्थक.

हा फरक सगळ्याच नकारांना लावता येतो. `4` ने सुरू होणारे आकडे म्हणजे चेंडू विचारणाऱ्याच्या अंगणात: मजकूर चुकला असेल तर `400`, आणि कोणता रकाना चुकला ते नावानिशी सांगायचं; लॉगिन संपलं असेल तर `401`; फारच भराभर विचारत असाल तर `429`. `5` ने सुरू होणारे म्हणजे सर्व्हरची अडचण, आणि तिथे तीच खूण घेऊन थोड्या वेळाने पुन्हा येणं सुरक्षित असतं. `429` आणि `503` सोबत `Retry-After: 30` अशी ओळ पाठवता येते, म्हणजे तीस सेकंद थांबा. गाजलेल्या नाटकाचा प्लॅन उघडतो त्या सकाळी ही एक ओळ फार उपयोगी पडते. ती नसेल तर हजारो फोन दर सेकंदाला पुन्हा विचारतात आणि सर्व्हरला सावरायला उसंतच मिळत नाही. आणि `500` देताना कोडमधल्या फाइलींची नावं, डेटाबेसची वाक्यं बाहेर जाऊ द्यायची नाहीत. एक संदर्भ क्रमांक द्यायचा. प्रेक्षकाने तो फोनवर सांगितला की आतल्या नोंदीत नेमकी जागा सापडते.

रद्द करण्याकडे वळू. एचटीटीपीमध्ये `DELETE` ही क्रिया आहे, त्यामुळे `DELETE /bookings/b_9Kx2mQ` लिहायचा मोह होतो. मी त्याऐवजी हे पसंत करतो:

```
POST /bookings/b_9Kx2mQ/cancellation
```

रद्द केलेलं बुकिंग पुसलं जात नाही. ते कधी रद्द झालं, किती पैसे कापले, किती परत द्यायचे, हे सगळं नोंदीत राहतं, यादीतही दिसतं. रद्द करणं ही स्वतःच एक नोंद आहे, तिला कारण असू शकतं, परताव्याची स्थिती असते. पैसे बँकेकडून परत यायला काही दिवस जातात, म्हणून उत्तरात 'पैसे परत केले' असं न लिहिता `"refund_status": "pending"` लिहायचं. हिशेब काही दिवसांनी पूर्ण झाला की तोच रकाना बदलतो.

रद्द करायलाही बोगदा आडवा येऊ शकतो. प्रेक्षकाने रद्द केलं, उत्तर हरवलं, त्याने पुन्हा रद्द केलं. दुसऱ्यांदा 'हे बुकिंग आधीच रद्द आहे' असा एरर देणारे एपीआय पुष्कळ आहेत, आणि तो एरर पाहून माणूस घाबरतो, पैसे बुडाले असं समजून फोन करतो. त्याला हवं होतं ते झालेलं आहे. मग दुसऱ्यांदाही `200` द्यायचं, तीच रद्द झाल्याची वेळ, तीच परताव्याची रक्कम. परतावा मात्र एकदाच सुरू झाला पाहिजे, आणि ते पाहणं सर्व्हरचं काम.

खरा नकार येतो तो मुदतीमुळे. समजा नाट्यगृहाचा नियम आहे की प्रयोगाच्या चोवीस तास आधीपर्यंतच रद्द करता येईल. शुक्रवारी रात्री आठ एकोणतीसला चालेल, साडेआठनंतर नाही. कोणाचं घड्याळ धरायचं? सर्व्हरचं. फोनचं घड्याळ मागेपुढे करता येतं. नकार `409`, `type` मध्ये `cancellation-window-closed`, आणि सोबत `"deadline": "2025-03-07T20:30:00+05:30"`. ही तारीख-वेळ दिली की अ‍ॅप प्रेक्षकाला नेमकं सांगू शकतं की मुदत कधी संपली. त्याहून बरं म्हणजे हीच वेळ बुकिंगच्या प्रत्येक उत्तरात आधीपासून द्यायची, म्हणजे अ‍ॅप शुक्रवारी दुपारी आठवण करू शकतं.

आणि दुसऱ्याचं बुकिंग रद्द करायला कोणी आलं तर? `403` म्हणजे 'तुम्हाला परवानगी नाही' हे उत्तर खरं असतं, पण त्यातून एक गोष्ट फुटते: या क्रमांकाचं बुकिंग अस्तित्वात आहे. मी इथे `404` देतो, सापडलं नाही. एचटीटीपीचे नियमही याला मुभा देतात. याच कारणाने बुकिंगचे क्रमांक १०४१, १०४२ असे ओळीने देऊ नयेत. `b_9Kx2mQ` सारखी अंदाज न बांधता येणारी अक्षरं बरी.

रद्द झालेली खुर्ची पुन्हा विकता आली पाहिजे. वरच्या तीन ओळींतली शेवटची ओळ, `WHERE` ची, त्यासाठीच आहे. ती विसरली तर नियम रद्द झालेल्या नोंदींनाही लागू होतो आणि एकदा रद्द झालेली सी-१४ त्या प्रयोगापुरती कायमची अडते. हा दोष ओळखायची खूण म्हणजे प्लॅनवर हिरवी दिसणारी पण दाबली की दरवेळी `409` देणारी खुर्ची. दहा मिनिटांची मुदत संपलेल्या खुर्च्यांचंही तसंच होतं. डेटाबेसच्या त्या नियमात 'आत्ताची वेळ' वापरता येत नाही, म्हणून मुदत संपली तरी `held` हा शब्द आपोआप बदलत नाही. नवं बुकिंग करताना, त्याच व्यवहारात, मागितलेल्या खुर्च्यांवरच्या मुदत संपलेल्या नोंदी आधी `expired` करून घ्यायच्या. हे मला दर मिनिटाला सफाई करणाऱ्या कामापेक्षा भरवशाचं वाटतं. एक कोपरा तरीही राहतो: अकराव्या मिनिटाला पैसे येऊन पोचतात. खुर्ची अजून रिकामी असेल तर पक्की करायची, गेली असेल तर पैसे लगेच परत करायचे आणि तसं स्पष्ट कळवायचं.

यादीचा एंडपॉइंट त्यामानाने साधा आहे: `GET /bookings?limit=20`. ज्याचं लॉगिन त्याचीच बुकिंगं. एकही नसेल तर `404` नाही. `200` आणि रिकामी यादी. यादी आहे, तिच्यात काही नाही, एवढंच. जपायचं ते पानं पाडताना. 'पहिली वीस सोडून पुढची वीस द्या' अशी पद्धत असेल आणि तिकीट खिडकीवरचा माणूस त्या प्रयोगाची यादी पाहत असताना वरच्या बाजूला एक नवं बुकिंग आलं, तर सगळी यादी एका ओळीने खाली सरकते आणि विसावं नाव दुसऱ्या पानावर पुन्हा दिसतं. एखादं गळलं तर एखादं नाव सुटतं. म्हणून पुढच्या पानासाठी आकडा न देता 'या नोंदीनंतरची द्या' अशी खूण द्यायची. उत्तरात `next_cursor` येतो, अ‍ॅप तो जसाच्या तसा परत पाठवतं, आणि मध्ये कितीही बुकिंगं आली-गेली तरी कोणतीही नोंद दोनदा येत नाही.

हे सगळं बसलं आहे का, हे वाचून कळत नाही, सर्व्हरला त्रास देऊन पाहावं लागतं. सी-१४ साठी पन्नास वेगवेगळ्या खुणांच्या विनंत्या एकाच वेळी सोडायच्या. एक `201`, एकोणपन्नास `409`, आणि `500` एकही नाही, असं आलं पाहिजे. एकही `500` दिसला तर कुठेतरी डेटाबेसचा एरर पकडायचा राहिला आहे. मग एकच खूण पन्नास वेळा. काहींना 'काम चालू आहे' मिळेल, बाकी सगळ्यांच्या उत्तरात एकच बुकिंग क्रमांक हवा, आणि डेटाबेसमध्ये एकच नोंद. त्यानंतर विनंती पाठवून उत्तर यायच्या आत जोडणी तोडायची आणि तीच खूण पुन्हा पाठवायची. हा झाला बोगदा.

शेवटची चाचणी थोडी आडवळणाची आहे. सी-१४ बुक करायची, रद्द करायची, दुसऱ्या ग्राहकाच्या नावाने पुन्हा बुक करायची. तिथे `201` यायला हवं. आता पहिल्या ग्राहकाची जुनी खूण पुन्हा पाठवायची. सर्व्हर जपलेलं उत्तर देईल: `201`, स्थिती `held`. ते बुकिंग तर केव्हाच रद्द झालं आहे, पण हे उत्तर त्या क्षणाचं आहे, आत्ताचं नाही, आणि ते तसंच असायला हवं. म्हणून अ‍ॅपने या उत्तरावरून प्रेक्षकाला 'खुर्ची तुमची' असं दाखवायचं नाही. त्यातल्या `Location` वर जाऊन `GET /bookings/b_9Kx2mQ` विचारायचं, आणि तिथे `cancelled` मिळेल तेच पडद्यावर आणायचं.